गीतकाराच्या रकान्यात मी लिहिलेला शब्द

जुन्या जालन्यात कापडाचे एक तीन मजली दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी वहिनी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून सकाळच्या बसने तिथे आली, तिच्या भाच्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला. शहरात राहणारा दीर म्हणून पिशव्या उचलण्याचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या मजल्यावर ती लुगड्यांचे काठ बघत असताना छतातल्या स्पीकरवर एक हळदीचे गाणे लागले. वहिनीने हातातले लुगडे गादीवर ठेवले.

"भाऊजी, ही तर मी हाय."

आवाज तिचाच होता. शब्दही तिचे होते. ढोलकी आणि कीबोर्ड तेवढे दुसऱ्याचे.

गल्ल्यावर दुकानाचे मालक बसले होते. या गाण्यातली बाई हीच, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी आधी वहिनीकडे आणि मग छताकडे पाहिले.

"काय सांगता! मंग ताई, तुम्ही डिस्काउंट मागू नका. उलट मीच तुम्हाला पैसे भरून राह्यलो."

"मला?"

"फुकट वाजवतो का मी? दर साली लायसन काढावं लागतं. एक शब्द आन् चालीवाल्यांच्या संस्थेचं, दुसरं रेकॉर्डिंगवाल्यांचं. न्हाई भरलं की वकिलाची नोटीस. खर्चा काय कमी हाय?" त्यांनी खणातून कागद काढून दाखवला. पावती खरी होती, त्याच वर्षाची होती.

"मंग ते पैसे कोणाला जातात?" वहिनीने विचारले.

"गाणं ज्यानं केलं त्याला."

"मला तर न्हाई आले."

"मंग दुसऱ्या कोणाला बराबर जात असतील," मालक म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले.

मी जिल्हा दैनिकात बातम्या संपादित करतो. पैसे कुठून येतात आणि कुठे जातात हे विचारणे हाच माझा धंदा. त्या पायऱ्या उतरण्याआधी मी पावतीवरून शब्द आणि चालीच्या संस्थेचे नाव लिहून घेतले.

ते गाणे त्याच्याही पाच वर्षे आधीचे. वहिनीच्या बहिणीच्या मुलीचे लग्न एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या मुलाशी ठरले. आमच्याकडे हळद जात्यावर दळताना बाया जुनी गाणी म्हणतात आणि त्यांच्यातली एखादी नवऱ्या मुलावर नवे गाणे जुळवते. जिने जुळवले तिने ते आपले आहे असे सांगायचे नाही. सांगितले तर नवरीला नजर लागते, असे समजतात. वहिनीने जुळवले ते असे:

तीनचा भोंगा झाला, शिपट सुटली गं
नवरदेवाच्या हाताची काजळी धुतली गं
काजळीच्या वरतून हळद उठली गं

शिपट म्हणजे मिलची पाळी, आणि भोंगा ती बदलताना वाजतो तो. नवरा मुलगा खरोखरच दुपारी तीनची पाळी संपवून हळदीला आला होता आणि त्याच्या नखांतली काजळी गेली नव्हती. मांडवात हसू पिकले. कोणीतरी मोबाइलवर चित्रण केले, ते फिरले, आणि जुन्या जालन्यातल्या एका स्टुडिओवाल्याने वहिनीला शोधून काढले.

स्टुडिओ धान्याच्या आडतीच्या वर आहे. खाली टेम्पो लागला की रेकॉर्डिंग थांबवावे लागते. त्या दिवशी ते चार वेळा थांबले. वहिनीने चाल जशीच्या तशी म्हटली, स्टुडिओवाल्याने मागे वाद्ये लावली. काम संपल्यावर त्याने माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला. गाणे ज्या कंपनीमार्फत सगळ्या अॅपवर जाणार होते त्या वितरकाला द्यायची माहिती होती: गाण्याचे नाव, गायिका, गीतकार, संगीतकार.

"सर, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुम्हीच भरा," तो म्हणाला.

मी वहिनीला विचारले, "गाणं कोणाचं लिहू?"

"कोणाचं म्हणजे? बायांचं. आपलंच."

तिने वर्षानुवर्षे पाळलेली रीत पाळली. मी माझी पाळली. डेस्कवर शिकवलेले असते की ज्या मजकुराचा कर्ता खात्रीने सांगता येत नाही त्याला कोणाचेही नाव जोडायचे नाही. ते गाणे तिने जुळवताना मी त्याच मांडवात होतो. तरी मी गीतकाराच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: पारंपरिक. संगीतकाराच्या रकान्यात काय लिहू, असे विचारल्यावर स्टुडिओवाल्याने स्वतःचे नाव सांगितले. तेही मी लिहिले. वाद्ये त्याची होती, मला त्यात काही गैर वाटले नाही.

त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी स्टुडिओवाला वहिनीला वितरकाकडून आलेल्या पैशातला ठरलेला वाटा पाठवत असे. त्यात कधी खोट आली नाही, हे नोंदवायला हवे. वहिनीने त्या पैशातून शिलाई मशीनला मोटार बसवली. गाण्याचा हिशेब एवढाच आणि तो चुकता आहे, असे घरात सगळ्यांचे मत होते. माझेही.

कापडाच्या दुकानातून आल्यावर मी दुसऱ्या दिवशी पावतीवरच्या संस्थेच्या मुंबईच्या कार्यालयात फोन केला. सदस्यांचे काम बघणाऱ्या एक बाई बोलल्या. त्यांनी जे सांगितले ते मी बातमीसारखे लिहून घेतले. ती टिपणे अजून माझ्याकडे आहेत.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रेकॉर्डिंग, म्हणजे स्टुडिओत तयार झालेला तो विशिष्ट आवाज. दुसरी मूळ रचना, म्हणजे शब्द आणि चाल. वितरक अॅपवरून गोळा करतो ते रेकॉर्डिंगचे पैसे, आणि ते रेकॉर्डिंगच्या मालकाला देतो. गाणे रेडिओवर लागले, टीव्हीवर लागले, हॉटेलात, दुकानात, तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वाजले, अॅपवर ऐकले गेले, की शब्द आणि चालीचे वेगळे मानधन तयार होते. ते ही संस्था गोळा करते आणि गीतकार, संगीतकार, प्रकाशक यांना वाटते. वितरकाच्या हातात हे पैसे येतच नाहीत, त्यामुळे तो ते देऊही शकत नाही. गायिकेचा हक्क आणखी निराळा, त्याची संस्थाही निराळी.

"पण वितरकाच्या फॉर्ममध्ये गीतकाराचा रकाना होता की," मी म्हणालो.

"असतो. ती फक्त माहिती. तिथे नाव लिहिल्याने आमच्याकडे नोंद होत नाही. गीतकाराला आमचं सदस्य व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं. तिथेच सगळे अडकतात. पैसे यायला लागले की वाटतं, सगळं आलं."

"आणि सदस्य नसेल तर तिच्या वाट्याचे पैसे?"

"कर्ता ओळखता आला नाही तर ते काही काळ बाजूला ठेवतात. मुदतीत दावा आला नाही तर ते तिचे राहत नाहीत. पण तुमच्या गाण्याचं तसं नाही दिसत. ते नोंदलेलं आहे."

त्यांनी नोंद वाचून दाखवली. शब्द: पारंपरिक. संगीत: स्टुडिओवाल्याचे नाव. पारंपरिक शब्दांना जिवंत कर्ता नसतो, म्हणून त्यांचा वाटा कोणाच्या नावावर जात नाही. या नोंदीवर जे काही मिळत होते ते सगळे संगीताच्या नावावर जात होते. स्टुडिओवाला संस्थेचा सदस्य होता. कधीपासून, हे त्यांनी मला सांगितले नाही. सांगायला बांधीलही नव्हत्या.

मी त्याच दुपारी आडतीच्या जिन्यावर होतो. खाली टेम्पोतून पोती उतरत होती.

"तुम्हाला ती संस्था माहीत होती?" मी विचारले.

"माहीत म्हणजे काय, मेंबर हाय मी."

"मग वहिनीला का नाही सांगितलं?"

"विचारलं कोणी? सर, मी खोटं काई केलं का? थांबा." त्याने कपाटातून फाइल काढली, फॉर्म शोधला आणि माझ्यापुढे ठेवला. "हे अक्षर कोणाचं हाय?"

माझे होते. वेलांट्या ठसठशीत, रेघ सरळ.

"तुम्ही जे लिहून दिलं तेच मी तिकडं भरलं. पारंपरिक म्हणजे पारंपरिक. आता तुम्ही पेपरवाले. तुमच्यापेक्षा बराबर कोण लिहिणार?"

मला त्या माणसाचा राग आला हे खरे. तो अजूनही आहे. स्वतःला वाटा कुठून मिळतो हे त्याला पक्के ठाऊक होते. समोर बसलेल्या बाईने गाणे जुळवले आहे हेही ठाऊक होते, कारण ते तिने जुळवल्याचे ऐकूनच तो तिला शोधत आला होता. एक वाक्य सांगायला त्याला किती श्रम पडले असते? पण त्याच्या वागण्यात नियमाविरुद्ध बोट ठेवता येईल अशी जागा मला सापडेना, कारण ती जागा मीच भरून टाकली होती. मला जास्त चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. जिल्ह्यातल्या कुठल्याही गायकाला विचारा, वितरक कोण ते तो सांगेल, किती लोकांनी ऐकले तो आकडाही मोबाइलवर दाखवेल. शब्दांसाठी वेगळे मानधन असते हे मात्र बहुतेकांना माहीत नसते. मी पुढे स्वतः विचारून पाहिले. भजनी मंडळाची गाणी बांधणारा एक शिक्षक आणि जयंतीची गाणी लिहिणारा एक वेल्डर, दोघांचे उत्तर एकच आले: "अॅपवाले देतात की." रेडिओवर वाजलेल्या गाण्याचे पैसे गाण्याच्या नावाने वाट बघत असतात आणि ते लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

त्याच फाइलमध्ये एक स्टँपपेपरही होता. त्यावर वहिनीची सही होती आणि 'सर्व हक्क दिले' असे वाक्य होते. मला वाटले, संपले. मी पुन्हा मुंबईला फोन केला.

"रेकॉर्डिंगचे हक्क दिले असतील," त्या बाई म्हणाल्या. "पण गाणं वाजल्यावर मिळणारं मानधन, त्यातला गीतकाराचा बरोबरीचा वाटा कोणाला लिहून देता येत नाही. वारस किंवा आमच्यासारखी संस्था, बास. कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून असं आहे. तुमच्या वहिनींना आधी सदस्य करा."

सदस्य करायला तीन महिने लागले. वहिनीचे पॅनकार्ड नव्हते. बँकेचे खाते माझ्या भावाबरोबर जोडखाते होते, संस्थेला ते एकटीच्या नावाचे हवे होते. आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. भोकरदनला तीन फेऱ्या झाल्या. अर्ज इंग्रजीत होता. इतकी वर्षे मजकूर तपासून मला तो दोनदा वाचावा लागला. ज्याच्याजवळ पेपरात काम करणारा दीर नाही त्याने काय करायचे, हे त्या अर्जात कुठे लिहिलेले नव्हते.

सदस्यत्व आले. मग वहिनीने गाण्यावर दावा नोंदवला: शब्द तिचे, चालही तिची. दावा जाताच गाण्याच्या वाटपाला संस्थेने स्थगिती दिली, म्हणजे आता कोणालाच काही मिळणार नव्हते. दोघांनी मिळून दुरुस्तीवर सह्या केल्या तरच ते सुटणार होते. नाहीतर पुरावे आणि सुनावणी.

स्टुडिओवाल्याने मला फोन केला. "सर, हे काय करून राह्यले तुम्ही? माझं चालू असलेलं बंद पाडलं."

"वहिनींना घेऊन येतो," मी म्हणालो.

वहिनी आली ती डबा घेऊन. दुपारची वेळ होती, तिला सहाच्या बसने परत जायचे होते. तिने स्टुडिओवाल्यापुढे धपाटे ठेवले आणि म्हणाली, "आधी खा. मंग भांडू."

तो ओशाळून हसला. एक धपाटे खाल्ले. मग म्हणाला, "मावशी, तुम्हीच त्या दिवशी बोलल्या, बायांचं हाय म्हणून. आता तुमचं कसं झालं?"

"बायांचंच हाय. मी बाई न्हाई का?"

"तसं न्हाई. पारंपरिक म्हणजे जुनं. आज्या-पणज्यांचं."

"बरं. मंग एक सांग. माझ्या पणजीच्या टायमाला तीनचा भोंगा कुठं वाजत व्हता?"

खाली हमाल एकमेकांना हाका मारत होते.

"धावड्यात भोंगा न्हाई. भोकरदनात न्हाई. जालन्याच्या मिलीत हाय, आन् ती मिल माझ्या डोळ्यादेखत उभी राह्यली. माझ्या बहिणीचा जावई तिथं कामाला हाय. काजळी त्याच्या हाताची. आता सांग, हे कोणत्या पणजीनं जुळवलं?"

मी तिथे बसलो होतो. पाच वर्षे हे शब्द माझ्या कानावर पडत होते. फॉर्म भरण्याच्या थोडे आधी ते माझ्यासमोर तिने चार-पाच वेळा म्हटले होते. मजकुरातला एक शब्द काळाशी जुळत नसेल तर तो पकडणे, हे काम मी रोज करतो. भोंगा माझ्या नजरेतून सुटला, कारण बाईने जात्यावर म्हटलेले जुनेच असणार हे मी तपासण्याआधीच ठरवून टाकले होते.

"शब्द तुमचे," स्टुडिओवाला शेवटी म्हणाला. "देतो सही. पण चाल माझी हाय."

"चाल मी घरून आणली. तुझ्याकडं येण्याआधी ती मोबाइलवर फिरत व्हती."

"तिला सूर मी लावला मावशी. माझ्याबिगर ती रेडिओवर गेली असती का?"

"वाजवलंस तू. बिलकुल. त्याचे पैसे तुला रेकॉर्डिंगात मिळून राह्यले, मी कधी काई बोलले?"

त्याने शब्दांच्या दुरुस्तीवर सही केली आणि चालीचा कागद तसाच परत सरकवला. वहिनीने डबा पुसून पिशवीत ठेवला. दोन धपाटे उरले होते, ते तिने त्याच्यासाठी कागदात गुंडाळून ठेवले. मी ते ठेवू नयेत असे जिन्यात म्हणालो. ती म्हणाली, "भाऊजी, त्याला भूक लागली व्हती."

नोंद बदलली. मानधनातला शब्दांचा अर्धा भाग वहिनीच्या नावावर झाला आणि सुरू झाला. चालीचा अर्धा भाग वादग्रस्त म्हणून अडकून आहे. मोबाइलवरचे जुने चित्रण आम्ही पुरावा म्हणून पाठवले आहे, त्यात ढोलकी नाही, कीबोर्ड नाही, फक्त जात्याची घरघर आणि तीच चाल आहे. मधल्या वर्षांत जे वाटून झाले ते आपोआप मागे फिरत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज केला आहे. त्याला उत्तर आलेले नाही. संस्थेने पाठवलेल्या पहिल्या विवरणात गाण्यासमोर वहिनीचे पूर्ण नाव होते, आधारवर आहे तसे. तिने त्या कागदाला प्लॅस्टिकचे आवरण घालून घेतले.

गेल्या उन्हाळ्यात, ज्याचा बस्ता बांधला त्याच भाच्याच्या धाकट्या बहिणीची हळद धावड्यात झाली. मी ओसरीवर बसलो होतो. जात्याभोवती सात-आठ बाया होत्या आणि त्यांनी भोंग्याचे गाणे धरले. नवरा मुलगा सोसायटीत क्लार्क होता, काजळीचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी गाणे धरले, कारण आता ते सगळ्यांना येते. नवीन लग्न होऊन आलेली एक सून मध्येच म्हणाली, "किती जुनं गाणं हाय हे, आमच्या माहेरी पण म्हणतात."

वहिनीचा खुंट्यावरचा हात थांबला. जाते थांबले. बाकीच्या बाया तिच्याकडे बघू लागल्या. त्या सगळ्यांना माहीत होते आणि त्यांच्यातली कोणीही बोलली नसती.

"जुनं न्हाई," वहिनी म्हणाली. "माझं हाय. मी जुळवलं."

नवरीची आई हातातली हळद तशीच धरून उभी होती. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, मंग आता आमी म्हणलो तर तुला पैसे द्यावे लागतील का?"

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. तिने मूठभर हळकुंडे जात्यात टाकली आणि खुंटा पुन्हा धरला.

"हळदीला फुकट," ती म्हणाली. "दुकानात न्हाई."